माशी, मेंढरू आणि चंद्र: 'किती पट मोठं?' या प्रश्नाची गोष्ट

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, म्हणून ज्यांना थांबून हिशेब करायचाय त्यांच्यासाठी सगळं इथे सावकाश लिहिलंय. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, भिंगं घासत नाही. पण ही गोष्ट समजायला शाळेतला भागाकार आणि गुणाकार पुरतो.

गोष्ट सुरू होते फ्लॉरेन्समध्ये, नोव्हेंबर १६१४ मध्ये. झां तार्द नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू गॅलिलिओला भेटायला आला. गॅलिलिओ तेव्हा युरोपभर गाजत होता. चार वर्षांपूर्वीच त्याने दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले होते. साहजिकच गप्पा दुर्बिणीवर गेल्या. तार्दने ही भेट आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली, आणि त्यात एक गमतीशीर नोंद आहे. गॅलिलिओ त्याला म्हणाला, की तारे बघायला दुर्बिणीची नळी दोनेक फुटांची पुरते. पण अगदी जवळची, बारीक वस्तू बघायची तर नळी दुप्पट-तिप्पट लांब करावी लागते. अशा लांब नळीतून त्याने माशी पाहिली. ती मेंढीच्या कोकरासारखी मोठी दिसली, आणि तिच्या अंगभर केस होते.

आता इथे दोन प्रश्न पडतात. पहिला: दुर्बीण लांब केली की तिचा सूक्ष्मदर्शक होतो, हे खरं का? आणि दुसरा: 'कोकराएवढी माशी' ही थाप, की हिशेबात बसणारी गोष्ट? या भागात आपण गॅलिलिओचा हा दावा तपासणार आहोत. तो तपासता तपासता बारावीच्या पुस्तकातली दोन सूत्रं एकमेकांच्या उलट का आहेत, तेही कळेल. दुर्बिणीला पुढची लेन्स लांब नाभीय अंतराची हवी आणि सूक्ष्मदर्शकाला आखूड नाभीय अंतराची, हे आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. त्यामागचं कारण मात्र बहुतेकांचं राहूनच जातं.

चंद्र आणि पिसू

आधी 'मोठं दिसणं' म्हणजे काय ते ठरवू. डोळ्याला वस्तूचा आकार कळत नाही, कोन कळतो. वस्तूच्या एका टोकाकडून आणि दुसऱ्या टोकाकडून डोळ्यात येणाऱ्या किरणांमधला कोन जेवढा, तेवढी ती वस्तू मोठी दिसते.

चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर, आणि तो आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब. भागाकार केला की कोन येतो साधारण अर्धा अंश. आता एक पिसू घ्या, सव्वादोन मिलिमीटरची. ती डोळ्यांपासून २५ सेंटिमीटरवर धरा. तिचाही कोन येतो साधारण अर्धा अंश! म्हणजे डोळ्याच्या लेखी हातातली पिसू आणि आकाशातला चंद्र एकाच मापाचे.

मग दोन्ही आणखी मोठे कसे बघायचे? खरं तर उपाय एकच आहे, जवळ जाणं. अंतर वीस पट कमी केलं की कोन जवळजवळ वीस पट वाढतो. पण दोन्हीकडे अडचण वेगळी येते. चंद्राच्या बाबतीत आपल्याला जाताच येत नाही. पिसवाच्या बाबतीत जाता येतं, पण डोळा साथ देत नाही. वीस पट जवळ म्हणजे सव्वा सेंटिमीटर. एवढ्या जवळची वस्तू आपल्याला निव्वळ धूसर दिसते. मोबाइल नाकाला टेकवून वाचून बघा, लगेच पटेल.

साधारण डोळ्याला ताण न देता स्पष्ट दिसण्याचं सगळ्यात जवळचं अंतर २५ सेंटिमीटर धरतात. पाठ्यपुस्तकात याला 'सुस्पष्ट दृष्टीचे लघुत्तम अंतर' असं भारदस्त नाव आहे. प्रत्येकाचा डोळा वेगळा असतो, लहान मुलांना याहून बरंच जवळचं दिसतं. पण तुलनेसाठी सगळ्यांनी मिळून २५ हा आकडा ठरवून घेतलाय. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत यातच आहे.

तर दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक, दोन्ही काय करतात? कोन वाढवतात. यंत्रातून दिसणारा कोन भागिले नुसत्या डोळ्याने दिसणारा कोन, याला म्हणायचं कोनीय विशालन. व्याख्या दोघांची एकच. फरक पडतो तो 'नुसत्या डोळ्याने' म्हणजे नक्की कुठून, यात. चंद्राचा कोन मोजायचा तो आपण उभे आहोत तिथूनच, दुसरा पर्यायच नाही. पिसवाचा कोन मोजायचा तो २५ सेंटिमीटरवरून, कारण तेवढी जवळ ती कुणीही धरू शकतो.

नळीतला चंद्र

आता एक दुर्बीण बांधू. केपलरने १६११ मध्ये 'डायॉप्ट्रिस' या पुस्तकात सुचवलेली, दोन बहिर्वक्र भिंगांची. खगोलीय दुर्बीण म्हणून पाठ्यपुस्तकात असते ती हीच. पुढच्या लेन्सचं नाभीय अंतर १०० सेंटिमीटर, डोळ्याजवळच्या लेन्सचं, म्हणजे आयपीसचं, ५ सेंटिमीटर.

पुढची लेन्स काय करते? नळीच्या आत, स्वतःपासून १०० सेंटिमीटरवर, चंद्राची एक छोटीशी प्रतिमा तयार करते. छोटीशी म्हणजे किती? चंद्राचा कोन गुणिले नाभीय अंतर. हिशेब केला की साधारण ९ मिलिमीटर. साडेतीन हजार किलोमीटरचा चंद्र शर्टाच्या बटणाएवढा होऊन नळीत येऊन बसतो. म्हणजे मंडळी, दुर्बिणीची पुढची लेन्स चंद्राला मोठं करतच नाही. ती त्याला प्रचंड लहान करते, पण आपल्या आवाक्यात आणून ठेवते.

मग आयपीसचं काम सुरू होतं. आयपीस म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग. ते आपल्याला त्या ९ मिलिमीटरच्या चंद्राकडे ५ सेंटिमीटरवरून बघू देतं, आणि तेही स्पष्ट. ५ सेंटिमीटरवरची ९ मिलिमीटरची वस्तू म्हणजे सुमारे दहा अंशांचा कोन. आधी होता अर्धा अंश, आता दहा. वीस पट. आणि १०० भागिले ५ म्हणजेही वीसच. दुर्बिणीचं सूत्र एवढंच आहे.

यावरून पुढची लेन्स लांब नाभीय अंतराची का, ते आपोआप कळतं. नाभीय अंतर दुप्पट केलं की नळीतला चंद्र दुप्पट मोठा, ९ चा १८ मिलिमीटर. चंद्राचं अंतर आपल्या हातात नाही, त्याचा कोन आपल्या हातात नाही. हातात आहे ते फक्त नाभीय अंतर.

या दुर्बिणीत २ सेंटिमीटर नाभीय अंतराची लेन्स पुढे लावली तर? २ भागिले ५, म्हणजे ०.४. चंद्र नुसत्या डोळ्याने दिसतो त्याहूनही लहान दिसेल! दुर्बीण म्हणून हा जोड निकामी. ही २ सेंटिमीटरवाली लेन्स बाजूला ठेवा, आत्ताच कामाला येणार आहे.

नळीतली पिसू

आता तीच १०० आणि ५ ची जोडी घेऊन पिसवाकडे वळवू. वस्तू जवळ आली की पुढच्या लेन्सची प्रतिमा मागे सरकते. म्हणून नळी लांबवावी लागते. गॅलिलिओ तार्दला हेच सांगत होता. समजा प्रतिमा पुढच्या लेन्सपासून ३०० सेंटिमीटरवर पडेल एवढी नळी ओढली, म्हणजे तिप्पट. लेन्सच्या नियमाने पिसू तेव्हा समोर १५० सेंटिमीटरवर असायला हवी. प्रतिमेचं अंतर भागिले वस्तूचं अंतर, म्हणजे ३०० भागिले १५०, म्हणून नळीतली पिसू खऱ्या पिसवाच्या दुप्पट मोठी. ही दुप्पट पिसू आयपीसमधून २५ ऐवजी ५ सेंटिमीटरवरून बघायची, म्हणजे आणखी पाच पट. एकूण दहा पट.

चाललं तर आहे. पण खोलीत तीन मीटरची नळी, पुढे दीड मीटरवर पिसू, आणि एवढं करून दहा पट. आता बाजूला ठेवलेली २ सेंटिमीटरची लेन्स पुढे लावा आणि प्रतिमा २० सेंटिमीटरवर पाडा. पिसू लेन्सच्या समोर साधारण सव्वादोन सेंटिमीटरवर येते. २० भागिले २.२२ म्हणजे नऊ पट मोठी प्रतिमा, आणि आयपीसचे तेच पाच पट. एकूण पंचेचाळीस पट, आणि सगळं यंत्र पाव मीटरच्या नळीत!

आयपीस दोन्हीकडे तोच आहे, कामही तेच करतोय. बदलली ती फक्त पुढच्या लेन्सची भूमिका. दुर्बिणीत ती कॅमेऱ्यासारखी वागते, दूरचं मोठं दृश्य छोटं करून आत आणते. सूक्ष्मदर्शकात ती सिनेमाच्या प्रोजेक्टरसारखी वागते, जवळची छोटी फिल्म मोठी करून लांब पडद्यावर टाकते. प्रोजेक्टरची लेन्स आखूड नाभीय अंतराची असली की फिल्म तिच्याजवळ जाते आणि त्याच अंतरावरच्या पडद्यावर चित्र मोठं पडतं. सूत्रं उलट होण्याचं कारण एवढंच. ज्यांना लिहून हवंय त्यांच्यासाठी:

```
दुर्बीण:       M = fo / fe
सूक्ष्मदर्शक:   M = (v/fo - 1) × (25/fe)
```

इथे fo पुढच्या लेन्सचं नाभीय अंतर, fe आयपीसचं, आणि v म्हणजे पुढच्या लेन्सपासून नळीतल्या प्रतिमेपर्यंतचं अंतर, सगळं सेंटिमीटरमध्ये. fo वरच्या सूत्रात वर आहे, खालच्या सूत्रात खाली. आणि २५ फक्त एकाच सूत्रात आहे. दुर्बिणीत २५ येत नाही, कारण चंद्र कुणी २५ सेंटिमीटरवर धरून बघितलेला नाही.

कोकरू तपासू

आता गॅलिलिओकडे परत. त्याचा आयपीस केपलरसारखा बहिर्वक्र नव्हता, अंतर्वक्र होता. त्यामुळे त्याला चित्र सुलटं दिसायचं, पण एका वेळी दिसणारा भाग अगदी चिमुकला. किती पट, याचा हिशेब मात्र जवळपास तसाच राहतो. नळी दोन फूट म्हणजे साठेक सेंटिमीटर. हिशेब सोपा जावा म्हणून पुढच्या लेन्सचं नाभीय अंतर ६० धरू, आणि आयपीस ५ सेंटिमीटरचा मानू. तारे बघताना ही बारा पटीची दुर्बीण झाली. नळी तिप्पट केली की प्रतिमा १८० सेंटिमीटरवर, माशी समोर ९० सेंटिमीटरवर. प्रतिमा दुप्पट, आयपीसचे पाच पट, एकूण दहा पट.

घरातली माशी साधारण ७ मिलिमीटरची. २५ सेंटिमीटरवर तिचा कोन दीड अंशाहून थोडा जास्त. दहा पट केला की सोळा अंश. आणि कोकरू? ते ७० सेंटिमीटर लांबीचं धरलं, तर किती लांब उभं केलं की सोळा अंशांचं दिसेल? उत्तर येतं अडीच मीटर. म्हणजे अंगणात चार पावलांवर उभं असलेलं कोकरू! गॅलिलिओ थापा मारत नव्हता. फक्त 'कोकराएवढी' म्हणताना कोकरू कुठे उभं आहे, ते त्याने सांगितलं नव्हतं. कोकरू शंभर मीटरवर नेलं तर ते नुसत्या डोळ्याने बघितलेल्या माशीहूनही लहान दिसतं.

आता या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या लांब नळीतून बघताना माशी गॅलिलिओच्या डोळ्यापासून किती लांब होती? नळी १८० आणि पुढे ९०, मिळून २७० सेंटिमीटर. एवढ्या लांबून नुसत्या डोळ्याने माशीचा कोन फारच लहान, अंशाचा सातवा भाग. त्याच्याशी तुलना केली, तर नळीने कोन १०८ पट केला!

तर हे यंत्र दहा पटीचं की १०८ पटीचं? दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर. 'माशी आहे तिथेच ठेवून' अशी दुर्बिणीसारखी तुलना केली तर १०८. 'माशी उचलून २५ सेंटिमीटरवर धरून' अशी तुलना केली तर १०. पण कामाचं उत्तर दहाच आहे. कारण माशीजवळ चालत गेलो, तर त्या १०८ पैकी जवळजवळ अकरा पट फायदा फुकटात मिळतो. यंत्राने आपल्याला खरंच काय दिलं? पाय आणि डोळे जिथे थांबतात त्याच्या पुढचं जे, तेवढंच मोजायचं. चंद्राबाबतीत पाय जागच्या जागीच थांबतात. माशीबाबतीत डोळा २५ सेंटिमीटरवर थांबतो. दोन सूत्रं वेगळी दिसतात, पण प्रश्न एकच विचारतात.

एकाच दुकानातून फुटलेल्या दोन वाटा

यंत्र एक, मग इतिहासात दोन कशी झाली? गॅलिलिओनेही लांब नळीचा नाद सोडला. सप्टेंबर १६२४ मध्ये त्याने रोमला फेदेरिको चेझीकडे एक छोटं यंत्र पाठवलं, बारीक वस्तू जवळून बघायचं. सोबतच्या पत्रात त्याने बऱ्याच व्यावहारिक सूचना दिल्या. वस्तू खालच्या फिरत्या चकतीवर चिकटवा, कारण एका नजरेत तिचा थोडाच भाग दिसतो. अंतर अगदी काटेकोर लागतं, म्हणून नळी वरखाली करता येईल अशी ठेवलीय. आज शाळेच्या प्रयोगशाळेत आपण स्लाइड सरकवतो आणि बाजूचा स्क्रू फिरवतो, ते याच दोन अडचणींमुळे. पुढच्याच वर्षी, १६२५ मध्ये, चेझीच्या मंडळातल्या जोव्हानी फाबरने या यंत्राला 'मायक्रोस्कोप' हे नाव दिलं. म्हणजे वेगळं नाव मिळायला दुर्बिणीनंतर पंधराएक वर्षं गेली.

त्यानंतर दुर्बिणी लांब लांब होत गेल्या. क्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये सुमारे बारा फुटी दुर्बिणीतून शनीचा चंद्र टायटन शोधला. तिचं विशालन चाळीस-पन्नास पट. डान्झिगच्या हेवेलियसने तर १५० फुटी दुर्बीण बांधली. एवढी लांब नळी झेपणार कशी? त्याने उंच डोलकाठी रोवली, तिला दोरखंडांनी लाकडी फळ्यांचा सांगाडा लटकवला आणि दोन टोकांना लेन्स बसवल्या. वाऱ्याने सांगाडा हले, दमट हवेत दोर सैल-घट्ट होत, फळ्या वाकत. दोन्ही लेन्स एका रेषेत ठेवता ठेवता माणसं जेरीस येत.

एवढा खटाटोप फक्त जास्त पटीसाठी नव्हता. पट वाढवायला आयपीस आखूड नाभीय अंतराचा केला तरी पुरलं असतं. खरी भानगड रंगांची होती. साधी एकसंध लेन्स निळा प्रकाश जवळ गोळा करते आणि तांबडा जरा लांब. त्यामुळे प्रतिमेभोवती रंगीत धूसर कडा येते. आता इथे एक सुंदर गोष्ट आहे. या धूसर कडेची रुंदी लेन्सच्या व्यासावर अवलंबून असते, नाभीय अंतरावर जवळजवळ नाहीच. म्हणजे व्यास तेवढाच ठेवून नाभीय अंतर दुप्पट केलं, तर नळीतला चंद्र दुप्पट होतो, पण कडा तेवढीच राहते. चित्र वाढतं, दोष वाढत नाही. म्हणून नळ्या ताडामाडासारख्या वाढत गेल्या. न्यूटनने १६६८ मध्ये लेन्सऐवजी आरसा वापरून हा गुंता सोडवला, कारण आरसा सगळे रंग एकाच जागी आणतो. त्याची पहिली दुर्बीण होती जेमतेम सहा इंचांची, आणि विशालन सुमारे चाळीस पट. हायगेन्सच्या बारा फुटांच्या जवळपास!

सूक्ष्मदर्शकाला मात्र लांबीची पळवाट नव्हती. त्याला पट हवी असेल तर लेन्स आखूड नाभीय अंतराचीच लागणार, म्हणजे फुगीर, आणि फुगीर लेन्स सगळे दोष अंगाखांद्यावर घेऊन येणार. त्यात दोन लेन्स म्हणजे पहिलीने बिघडवलेलं चित्र दुसरी मोठं करून दाखवणार. लंडनच्या रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया'त पिसवाचं घडी उलगडून बघावं लागणारं प्रचंड चित्र छापलं. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने मान्य केलंय, की एकच लेन्स वापरली तर चित्र जास्त स्वच्छ दिसतं, पण ती वापरणं डोळ्यांना त्रासाचं.

तो त्रास सोसला डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याने, लेव्हेनहूकने. त्याने दुसरी लेन्सच काढून टाकली. त्याचं उट्रेख्टला जपलेलं एक यंत्र सुमारे २६६ पटीचं आहे. हिशेब एका ओळीचा: २५० मिलिमीटर भागिले नाभीय अंतर. म्हणजे नाभीय अंतर एक मिलिमीटरहूनही किंचित कमी! लेन्स खसखशीच्या दाण्यासारखी, नमुना तिच्या जवळजवळ टेकलेला, आणि डोळा दुसऱ्या बाजूने चिकटलेला. १६७६ मध्ये त्याने रॉयल सोसायटीला पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांबद्दल पत्र पाठवलं, ते अशा लेन्सच्या जोरावर. दोन लेन्सच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाला त्याच्या पुढे जायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने दाखवून दिलं, की वेगवेगळ्या काचांच्या जोडभिंगांच्या जोड्या ठरावीक अंतरावर बसवल्या, तर रंग आणि धूसरपणा दोन्ही आटोक्यात येतात.

एका शतकात एका टोकाला १५० फुटी सांगाडा आणि दुसऱ्या टोकाला खसखशीचा दाणा. दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं होती.

खोक्यावरचे ५२५

आता आजची गोष्ट. ऑनलाइन दुकानांत ६० मिलिमीटर व्यासाच्या स्वस्त दुर्बिणी मिळतात आणि खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, '५२५ पट'. हा आकडा येतो कुठून? पुढच्या लेन्सचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्याला ४ मिलिमीटरचा आयपीस लावला की १७५. मध्ये तिप्पट करणारी एक जादा लेन्स घातली की ५२५. गणित बरोबर आहे. दुर्बीण मात्र तेवढं दाखवू शकत नाही.

कारण प्रकाश ही लाट आहे, आणि लेन्सचा व्यास ठरवतो की किती बारीक तपशील नळीतल्या प्रतिमेत उतरेल. ६० मिलिमीटरची लेन्स साधारण दोन विकलांपर्यंतचा तपशील वेगळा दाखवते. आपला डोळा साधारण ६० विकला, म्हणजे एक कला, एवढं वेगळं ओळखतो. दोनाचे साठ करायला तीस पट पुरतात. डोळ्याला आरामात दिसावं म्हणून तीनचार पट वाढवा, शंभर-सव्वाशेपर्यंत जा. साधा नियम असा, की व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. ६० ला १२०. त्याच्या पुढे चंद्र मोठा होतो, पण अंधारा आणि पिठासारखा. एकही नवीन खड्डा दिसत नाही. पटीचा आकडा वाढला आणि नवीन काहीच दिसलं नाही, की समजायचं, ही पोकळ पट आहे.

सूक्ष्मदर्शकालाही अशीच भिंत आहे. एर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये ती दाखवली. साध्या दृश्य प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणून चांगला सूक्ष्मदर्शकसुद्धा हजार-दीड हजार पटींवर थांबतो. ५,००० पटीचा साधा सूक्ष्मदर्शक कुणी विकत असेल, तर तोही ५२५ वाल्याचा भाऊच.

जाता जाता एक गोष्ट स्वतः तपासा. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाच्या पुढच्या लेन्सवर '४०×' लिहिलेलं असतं, आयपीसवर '१०×'. गुणाकार केला की ४००. दुर्बिणीच्या आयपीसवर मात्र '१० मिमी' किंवा '२५ मिमी' लिहिलेलं असतं, पट कधीच नाही. असं का, ते आता तुम्हाला सांगता येईल. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसची तुलना २५ सेंटिमीटरशी ठरलेली आहे. २५० मिलिमीटर भागिले २५ मिलिमीटर, म्हणून १०×, कुठल्याही यंत्रात तेच. दुर्बिणीच्या आयपीसला स्वतःची अशी पटच नसते. पुढे ७०० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ मिलिमीटरचा आयपीस २८ पट देतो, १,००० ची असेल तर ४० पट.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'एवढ्या पटीने मोठं दिसतं' म्हणालं, की लगेच विचारा: कुठे ठेवून बघितल्यापेक्षा? आणि त्यात नवीन काय दिसतं? गॅलिलिओच्या माशीच्या अंगावर केस दिसले होते. मोठेपणाचा पुरावा कोकरू नव्हतं, ते केस होते.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!